रेघ आडवी की उभी: स्तनाच्या एका नमुन्याचं कटिंग

मायक्रोटोम म्हणजे मेणात बसवलेल्या ऊतीचे सूक्ष्मदर्शकासाठी पातळ काप काढायचं यंत्र. त्याच्यावर सेक्शन, म्हणजे असा एक काप, बिघडला की बहुतेकांचा हात आधी ब्लेडकडे जातो. ब्लेड सरकवून पाहायचं, नाहीतर बदलायचं, आणि तरीही जमलं नाही की कोन हलवायचा. माझ्या मते हात कुठेही नेण्याआधी बिघडलेला सेक्शन नीट पाहावा. तो बाथवर, म्हणजे काप पसरवायच्या गरम पाण्यावर, तरंगत असताना त्याच्यावर रेघ कुठल्या दिशेला आहे, घडी कुठून सुरू झाली आहे, भोक ऊतीत पडलंय की भोवतीच्या मेणातही, एवढं पाहिलं की निम्मा शोध तिथेच संपतो. हे मला एकाच नमुन्यात चांगलं पाहायला मिळालं, म्हणून तो सविस्तर लिहिते.

नमुना स्तनाच्या शस्त्रक्रियेचा होता. गाठ, तिच्यावरची त्वचा, स्तनाग्र, खालची चरबी आणि काखेतली चरबी असा सगळा एकसंध भाग बाहेरच्या एका रुग्णालयातून आमच्या लॅबमध्ये आला. बरणी लहान, नमुना मोठा, आणि ऊत टिकवणारं फॉर्मॅलिन जेमतेम बुडेल एवढं. खरं तर नमुन्याच्या आकारमानाच्या दहापट तरी फॉर्मॅलिन लागतं, आणि एवढा मोठा भाग काप दिल्याशिवाय ठेवला तर आतपर्यंत ते पोचतच नाही. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी तो उघडल्याबरोबर काप दिले आणि ताज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवला. ग्रॉसिंग, म्हणजे नमुन्यातले निवडक तुकडे कापून कॅसेटमध्ये भरणं, दुसऱ्या दिवशी झालं. प्रोसेसिंगमध्ये ते तुकडे अल्कोहोल, झायलीन आणि मेणातून गेले, आणि एम्बेडिंगमध्ये मेणात बसवून त्यांचे ब्लॉक झाले: गाठीचे तीन, स्तनाग्राचा एक, खोल बाजूच्या कडेचा एक, आणि काखेतल्या लसीकाग्रंथींचे काही.

कटिंगला मी होते, आणि आमच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी शेजारी बसली होती. यंत्र रोटरी, ब्लेड वापरून टाकायचं लो-प्रोफाइल, सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे.

गाठीचा पहिला ब्लॉक लावला. ट्रिमिंग करून, म्हणजे वरचे जाड थर काढून, ऊतीचा पूर्ण पृष्ठभाग आला आणि रिबन, म्हणजे एकाला एक चिकटून निघणाऱ्या सेक्शनची पट्टी, सुरू झाली, ती लांबीच्या दिशेनं चिरलेली. प्रत्येक सेक्शनमधून एक सरळ उभी रेघ जात होती. उभी म्हणजे ब्लेडच्या धारेला काटकोनात, ज्या दिशेनं ब्लॉक खाली येतो त्या दिशेत. अशी रेघ बहुतेक वेळा दोन गोष्टींमुळे येते. एक तर धारेला त्या जागी खाच पडलेली असते, नाहीतर ब्लॉकमध्येच काहीतरी कठीण असतं.

"ताई, ब्लेड बदलू का?" मुलीनं विचारलं.

बदलण्याऐवजी मी ब्लेड होल्डरमध्ये आडवं सरकवलं, इतकं की धारेचा कोरा भाग ब्लॉकसमोर आला. खाच जुन्या भागात असेल तर आता रेघ नाहीशी व्हायला हवी. पहिला सेक्शन आला त्यात रेघ होती, पण तिचं रूप बदललं होतं. आधीची रेघ खालच्या मेणापासून वरच्या मेणापर्यंत सलग होती. ही मात्र ऊतीच्या मधोमध एका बारीक पांढऱ्या ठिपक्यापाशी सुरू होत होती आणि तिथून फक्त वरच्या कडेकडे गेली होती. दुसऱ्या सेक्शनपासून ती पुन्हा सलग झाली.

यातच उत्तर होतं. रोटरी यंत्रावर ब्लॉक वरून खाली येतो, म्हणजे त्याची खालची कड आधी कापली जाते. धार ठिपक्यापर्यंत चांगली होती, ठिपक्यावर आदळली, आणि तिथून पुढचं मेण ओरबाडत गेली. पुढच्या सेक्शनला धार आधीच खचलेली, म्हणून रेघ सुरुवातीपासून. ठिपका कॅल्शियमचा होता. स्तनाच्या गाठीत मृत पेशींच्या जागी असे कण साचतात. त्यामुळे ब्लेड सरकवल्यावर नेहमी पहिलाच सेक्शन पाहायचा. चौथा-पाचवा पाहिला तर ब्लॉकचा दोष ब्लेडच्या माथी बसतो आणि माणूस एकामागून एक ब्लेड वाया घालवतो.

उपाय पृष्ठभागाचं डीकॅल्सिफिकेशन, म्हणजे वरच्या थरातला कॅल्शियम आम्लानं विरघळवणं. फॉर्मिक आम्लाच्या ५ टक्के द्रावणात टिश्यू पेपर भिजवायचा, त्यावर ब्लॉक पालथा ठेवायचा, साधारण अर्धा तास. मग पाण्यानं नीट धुवायचा, कारण आम्ल राहिलं तर ब्लेड आणि होल्डर दोन्ही गंजतात. पुन्हा बर्फावर थंड करून लावायचा. आम्ल आत फार जात नाही, वरचा अगदी पातळ थर मऊ होतो. त्यामुळे ब्लॉक पूर्वीच्याच कोनात बसला पाहिजे आणि सुरुवातीचेच सेक्शन उचलले पाहिजेत. पुन्हा ट्रिमिंग करत बसलं तर मऊ झालेला थर निघून जातो आणि खालचा कॅल्शियम परत धारेसमोर येतो.

पण आम्ल लावण्याआधी मी मॅडमना विचारलं. स्तनाच्या गाठीवर पुढे ईआर, पीआर या हार्मोन रिसेप्टरच्या आणि हर-टू या प्रथिनाच्या चाचण्या होतात, आणि आम्लाचा त्या निकालांवर परिणाम होऊ शकतो. मॅडमनी सांगितलं, "याच्यावर फक्त नेहमीचा एच अँड ई रंग कर. चाचण्यांसाठी गाठीचा दुसरा ब्लॉक ठेव, त्याला आम्ल लावू नकोस." दुसऱ्या ब्लॉकमध्ये ठिपके नव्हते, तो सरळ कापला गेला. पहिल्या ब्लॉकच्या कॅसेटवर आणि रजिस्टरमध्ये आम्ल लावल्याची नोंद केली. ही नोंद फार महत्त्वाची, कारण सहा महिन्यांनी कुणी ब्लॉक काढून चाचणीला पाठवला तर त्याच्यावर काय झालं होतं हे नुसतं पाहून कळत नाही.

मग स्तनाग्राचा ब्लॉक. यात रेघा आडव्या होत्या, धारेला समांतर, एक जाड पट्टा एक पातळ पट्टा अशा एकाआड एक, खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यासारख्या. हा चॅटर. तो थरथरीतून येतो. ब्लेड आणि ब्लॉक यांपैकी काहीतरी एक, कापलं जात असताना, दबून परत उसळी घेतं. प्रश्न एवढाच की थरथरतंय काय.

यासाठी मी दोन ब्लॉक नेहमी हाताशी ठेवते. एक नुसत्या मेणाचा, दुसरा चांगला प्रोसेस झालेला, ज्याचे सेक्शन कधीच त्रास देत नाहीत. माझ्याकडे तो अपेंडिक्सचा आहे. बिघडलेला ब्लॉक काढायचा, ब्लेड, कोन, वेग काहीही न बदलता हे दोन कापायचे. मेणाच्या ब्लॉकमध्येही पट्टे आले तर दोष यंत्रात, होल्डरच्या स्क्रूमध्ये किंवा ब्लेडमध्ये शोधायचा. ब्लेडची पट्टी सैल राहणं किंवा तिच्याखाली मेणाचा चुरा अडकणं ही नेहमीची कारणं. ब्लेडचा कोन जास्त झाला तरी धार कापण्याऐवजी खरवडते आणि पट्टे येतात. कोन फार कमी झाला तर ब्लेडचा उतार ब्लॉकवर घासतो आणि सेक्शन एक येतो, एक येत नाही, पुढचा दुप्पट जाड येतो.

आमचे दोन्ही ब्लॉक गुळगुळीत कापले गेले. म्हणजे ब्लेड, कोन आणि होल्डर सुटले. दोष स्तनाग्राच्या ब्लॉकमध्ये. मुलगी म्हणाली, "त्वचा आहे ना ताई, कडक असणारच." त्वचा होतीच, पण पट्टे डोळ्यांना दिसण्याइतके रुंद होते. नुसत्या कडक ऊतीचे पट्टे सहसा बारीक असतात, आणि ते ऊतीपुरतेच राहतात. हे पट्टे भोवतीच्या मेणातही तसेच होते. मेण तर मऊ, त्याला थरथरायचं काही कारण नाही. म्हणजे पूर्ण ब्लॉकच हलत होता.

ब्लॉक काढून उलटा केला. कॅसेटच्या मागच्या बाजूला आणि एका कडेला एम्बेडिंगच्या वेळी सांडलेलं मेण थिजून राहिलं होतं. क्लॅम्प प्लास्टिकला धरायच्या ऐवजी त्या मेणाला धरत होता, आणि मेण दाबाखाली सरकतं. अपेंडिक्सची कॅसेट स्वच्छ होती, म्हणून तिच्यात काही दिसलं नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: चांगला ब्लॉक चांगला कापला गेला याचा अर्थ पकड चांगली आहे असा होत नाही, त्या ब्लॉकपुरती ती चांगली आहे एवढंच कळतं. मेण खरवडून काढलं, कॅसेटच्या कडा साफ केल्या, पुन्हा लावला. रुंद पट्टे गेले.

स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा बारीक पट्टे अजून होतेच, त्वचेच्या जाड तंतूंमध्ये आणि स्तनाग्राच्या स्नायूत, आणि मेणात नव्हते. हा दुसऱ्या जातीचा चॅटर. ऊत प्रोसेसिंगमध्ये गरजेपेक्षा जास्त सुकलेली असते, किंवा मुळातच कडक असते, किंवा ब्लॉक फार थंड आणि चाक फार वेगात असतं. इथे तिन्ही थोडं थोडं होतं. ब्लॉक बराच वेळ बर्फाच्या ट्रेवर पडून होता आणि वरून कोरडा होता.

अशा ऊतीला नुसती थंडी पुरत नाही, तिला पाणी पाजावं लागतं. पृष्ठभाग उघडा झाल्यावर ब्लॉक बर्फाच्या पाण्यात पालथा ठेवला, दहा मिनिटं. ऊत वरून थोडंसं पाणी ओढते आणि मऊ होते. हेही वरच्या थरापुरतंच, त्यामुळे पाण्यातून काढला की लगेच लावून पहिले काही सेक्शन घ्यायचे. धारेचा कोरा भाग आणला आणि चाक अगदी हळू, एकसारख्या गतीनं फिरवलं. बराच फरक पडला. तरी त्वचेच्या कडेला पट्टे राहिले, म्हणून ब्लॉक वितळवून ऊत पुन्हा बसवली. आधी त्वचेची सगळी कड धारेला समांतर होती, म्हणजे पूर्ण लांबीची कडक कड एका क्षणी धारेवर आदळत होती. नव्या बसवणीत ती तिरकी ठेवली आणि वर घेतली, म्हणजे मऊ भाग आधी कापला जातो आणि त्वचा शेवटी, एका टोकापासून हळूहळू. त्यानंतर मॅडमना त्या स्लाइडबद्दल काही म्हणावं लागलं नाही.

घड्यांचा त्रास याच ब्लॉकनं दिला. सेक्शन चांगला कापला जायचा, पण बाथवर टाकला की त्वचा आणि चरबी यांच्या सीमेवर घड्या पडायच्या. घड्यांनाही दिशा असते. ब्लेडला समांतर अशा बारीक बारीक सुरकुत्या सगळ्या सेक्शनवर असतील तर तो दबलेला असतो. शंका असेल तर सेक्शन ब्लॉकच्या पृष्ठभागाशेजारी धरून पाहावा. दबलेला सेक्शन उंचीला ब्लॉकपेक्षा बराच कमी भरतो, आणि त्याचं कारण बोथट धार किंवा गरम झालेला ब्लॉक. एकच लांब सरळ घडी असेल तर ती रिबन पाण्यावर ठेवतानाची असते. रिबनचं एक टोक आधी पाण्याला टेकवून, चकचकीत बाजू खाली ठेवत, हळूहळू मागे घेत सोडली तर ती पडत नाही. आमच्या घड्या या दोन्हींपैकी नव्हत्या. त्या एका जागेवरून पसरत होत्या, जिथे दोन वेगळ्या ऊती भेटतात. मेण आणि चरबी गरम पाण्यावर ताणली जाते, त्वचेचे तंतू तेवढे ताणले जात नाहीत, आणि जास्तीचा भाग कुठेतरी दुमडतो.

बाथचं बटण ४५ अंशांवर होतं. थंडीचे दिवस होते, म्हणून काचेचा थर्मामीटर पाण्यात धरला तर तो ४० च्या आसपास दाखवत होता. आमचं मेण ५८ ते ६० अंशांना वितळणारं. बाथ त्याच्या साधारण दहा-बारा अंश खाली हवा. कमी असेल तर मेण पुरेसं सैल होत नाही आणि घड्या तशाच राहतात. जास्त असेल तर सेक्शन भराभर पसरतो आणि पेशींच्या मध्ये चिरा पडतात. त्या रंगवल्यावर खऱ्या मोकळ्या जागांसारख्या दिसतात, म्हणून गरम बाथ मला थंड बाथपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. बटणाकडे न पाहता थर्मामीटर पाहत पाणी ४७ वर आणलं. शिवाय सेक्शन आधी काचेच्या स्लाइडवर २० टक्के अल्कोहोलच्या थरावर घेतला आणि तिथून बाथमध्ये सरकवला. अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे सेक्शन आपोआप चारी बाजूंनी ओढला जातो आणि उरलेली घडी सुटते. सुईनं ओढायला गेलं तर घडी सुटण्याआधी ऊत फाटते.

चाचण्यांच्या स्लाइडवर घडी मी अजिबात चालवून घेत नाही. घडीत ऊत दुप्पट जाड होते, रसायन तिच्यात अडकतं, धुतल्यावरही निघत नाही, आणि तो भाग गडद तपकिरी दिसतो. वाचणाऱ्याला खरा रंग कोणता हे ठरवणं अवघड होतं.

शेवटचा ब्लॉक खोल बाजूच्या कडेचा, जवळजवळ सगळी चरबी. रिबन निघतानाच मध्ये खिडक्या. भोवतीचं मेण शाबूत, ऊतीच्या जागी भोक. जे थोडं आलं तेही बाथवर पडल्याबरोबर विखुरलं. ऊतीतली भोकं कधीकधी ट्रिमिंगमुळेही पडतात. जाड थर घाईनं काढताना ऊतीचे तुकडे उपटले जातात. पण ती भोकं ३ मायक्रॉननं दहा-पंधरा सेक्शन हळू घेतले की भरून येतात. इथे वीस सेक्शनांनंतरही तसंच.

यंत्र थांबवून ब्लॉकचा पृष्ठभाग प्रकाशात तिरका धरला. ऊतीचा भाग मेणाच्या पातळीपेक्षा थोडा खाली बसला होता आणि ओलसर चमकत होता. नखाची कड हलकेच टेकवली तर खूण उमटली. नाकाजवळ नेला तर झायलीनचा वास. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की ब्लेडचा विचार सोडून द्यावा. मेण आतपर्यंत गेलेलंच नाही. फॉर्मॅलिन उशिरा पोचलं, अल्कोहोलनं आतलं पाणी पुरतं काढलं नाही, म्हणून झायलीनला चरबी पुरती विरघळवता आली नाही, आणि मेणाला जागाच मिळाली नाही. ऊतीचा काप मोजला तर ५ मिलिमीटरच्या आसपास होता. चरबीसाठी ३ सुद्धा भरपूर होतात.

"अजून थंड केला तर?" मुलीनं विचारलं. करून पाहिला. अगदी थंड ब्लॉकमधून दोन-तीन बरे सेक्शन निघतात, ते मी स्लाइडवर घेतले, कारण पुन्हा प्रोसेस करताना काही बिघडलं तर निदान तेवढं हाती असावं. पण मऊ ऊतीला थंडीनं आलेला कडकपणा दोन फेऱ्यांतच जातो.

म्हणून ब्लॉक परत प्रोसेसिंगला. यात एक पेच होता. हा कडेचा ब्लॉक. शस्त्रक्रियेच्या कडेवर मॅडमनी काळी शाई लावलेली असते आणि गाठ शाईपर्यंत पोचली आहे का एवढाच या ब्लॉकचा प्रश्न असतो. शाईची बाजू हरवली तर ब्लॉकला अर्थ राहत नाही. मेण वितळवून ऊत बाहेर काढली, मेण टिपून घेतलं आणि ती मॅडमकडे नेली. त्यांनी स्वतः शाईला काटकोनात काप देऊन दोन पातळ तुकडे केले, म्हणजे प्रत्येकात शाईची कड राहील. मग उलटा प्रवास: मेण जाईपर्यंत झायलीनचे दोन बदल, नंतर शुद्ध अल्कोहोलचे बदल, प्रत्येक नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि पुन्हा झायलीन, मग ताजं मेण. एक दिवस गेला. अहवाल एका दिवसानं लांबणार हे मॅडमनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग सपाट, कोरडा आणि पांढुरका होता. नखाची खूण उठली नाही. त्याच जातीच्या ब्लेडवर, त्याच कोनात, रिबन सलग आली. एका तुकड्यात चरबीचे काही पुंजके अजूनही गळाले. प्रोसेसिंग दुसऱ्यांदा केलं तरी सुरुवातीला जे नीट फिक्स झालं नाही ते सगळं परत मिळत नाही. पण शाईच्या लगतचा पट्टा दोन्ही तुकड्यांत अखंड होता आणि मॅडमना कडेबद्दल लिहिता आलं.

त्यानंतर आम्ही चरबीच्या कॅसेट वेगळ्या बास्केटमध्ये ठेवायला लागलो. मोठे नमुने असतात त्या दिवशी ती बास्केट शुद्ध अल्कोहोल आणि झायलीनमध्ये जास्त वेळ राहते, आणि लहान बायोप्सी तिच्यात जात नाहीत, कारण तेवढा वेळ त्यांना दिला तर त्या ठिसूळ होऊन त्यांच्यात बारीक चॅटर येतो. ग्रॉसिंगच्या टेबलावर आता पट्टी असते आणि चरबीचा काप कॅसेटचं झाकण न दाबता बंद झालं तरच आत जातो. तो नमुना पाठवणाऱ्या रुग्णालयालाही मॅडमनी कळवलं की बरणी मोठी द्या आणि नमुना मोठा असेल तर त्याच दिवशी पाठवा, म्हणजे काप आम्ही देऊ.